अकरा महिन्यांचा कागद

पुण्यातल्या आयटी कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्या एजन्सीचा फोन आला की पहिल्या दोन मिनिटांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मॅडम, पोझिशन सी टू एच आहे, पण क्लायंट कन्व्हर्ट करून घेतो." सी टू एच म्हणजे कॉन्ट्रॅक्ट टू हायर. आधी काही महिने कंत्राटावर काम करायचं आणि दोन्ही बाजूंना पटलं तर कायम व्हायचं, अशी ही व्यवस्था. वाक्याचा पहिला अर्धा भाग ऑफर लेटरवर येतो. दुसरा बहुतेक वेळा फोनवरच राहतो.

एक उदाहरण घेऊ. ते रचलेलं आहे, पण त्यातले आकडे हिंजवडी-खराडी पट्ट्यात सहज दिसणारे आहेत. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली 29 वर्षांची एक मुलगी. तिच्या हातात दोन ऑफर आहेत. पहिली एका मध्यम कंपनीची: कायम नोकरी, सीटीसी 10 लाख. दुसरी एका बड्या परदेशी बँकेच्या पुण्यातल्या केंद्रात: सी टू एच, वर्षाला 12 लाखांच्या दराने, मुदत 11 महिने. घरात सगळ्यांचा कौल दुसरीला. दोन लाख जास्त आणि बँकेचं नाव मोठं.

फक्त ते नाव तिच्या ऑफर लेटरवर नाही. लेटरहेड आहे एका मनुष्यबळ पुरवठादाराचं, म्हणजे आयटीच्या बोलीत व्हेंडरचं. मुलाखती बँकेनं घेतल्या, बसायचं बँकेत, काम सांगणार बँकेचा मॅनेजर, पण पगार देणार व्हेंडर. कायद्याच्या नजरेत तिचा मालक व्हेंडर आहे. नोकरीतल्या सगळ्या फायद्यांचा हिशेब इथूनच सुरू होतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. ठरावीक मुदतीच्या नोकरदाराला तसंच काम करणाऱ्या कायम माणसाइतका पगार, भत्ते आणि सवलती मिळाव्यात, असं ती सांगते. वाचताना बरं वाटतं. पण ही तुलना एकाच मालकाकडच्या दोन माणसांची असते. मुलगी मनातल्या मनात तुलना करणार शेजारच्या खुर्चीतल्या बँकेच्या कर्मचाऱ्याशी, ज्याला आई-वडिलांसकट मेडिक्लेम आहे आणि वर्षाचा बोनसही. कायदा मात्र तिला व्हेंडरच्या माणसांच्या रांगेत उभं करतो, आणि त्या रांगेत कुणालाच फारसं काही नसेल तर बरोबरीही तेवढ्याचीच.

ग्रॅच्युइटीची गंमत तर आणखी पुढची. कायम नोकरदाराला ती मिळायला पाच वर्षं सलग नोकरी लागते. नव्या संहितेनं मुदतीच्या नोकरदारासाठी ही अट एका वर्षावर आणली. तिचा मूळ पगार महिना 50,000 धरला, तर 15 भागिले 26 या सूत्रानं एका वर्षाची ग्रॅच्युइटी होते सुमारे 28,850 रुपये. पण तिच्या कागदावर मुदत आहे 11 महिन्यांची, म्हणजे वर्षाला एक महिना कमी. सरकारी खात्यांतल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना हा 11 चा आकडा आणि मधला एका दिवसाचा खंड चांगलाच ओळखीचा आहे. दुसऱ्या टोकाला, काही व्हेंडर माणसाला आपल्याकडे 'कायम' दाखवतात आणि फक्त क्लायंटकडची नेमणूक मुदतीची ठेवतात. तसं असेल तर एका वर्षाची सवलत गेली, पुन्हा पाच वर्षांचा नियम आला. पत्रात नेमकं कोणतं वाक्य आहे, हे वाचल्याशिवाय कळत नाही.

आता दोन लाखांकडे वळू. सीटीसी हा फसवा आकडा आहे आणि तो दोन्ही ऑफरमध्ये फसवतो. पहिल्या ऑफरच्या 10 लाखांत कंपनीनं ग्रॅच्युइटीचे 24,000 धरलेत. ते पाच वर्षं टिकली तरच तिचे, म्हणून आज वजा करायचे. उरतात 9 लाख 76 हजार, महिन्याला 81,300. पीएफची वजाबाकी करायची गरज नाही. कायम कंपनी मूळ पगारावर पूर्ण 12 टक्के भरते आणि व्हेंडर बहुधा 15,000 च्या कायदेशीर मर्यादेवर, म्हणजे महिना 1,800 भरतो. पण दोन्हीकडे ती रक्कम सीटीसीतूनच जाते, त्यामुळे फरक एवढाच की पैसे या खिशात राहतात की त्या. प्राप्तिकराचाही इथे अडसर नाही. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत कर लागत नाही.

म्हणजे कंत्राटात महिन्याला 18,700 जास्त, आणि 11 महिन्यांत दोन लाख पाच हजार. घरच्यांचा अंदाज बरोबरच होता म्हणायचा.

पण कायम कंपनीचा समूह विमा तिच्या आई-वडिलांना घेतो, आणि वडिलांना मधुमेह आहे. समूह विम्यात आधीच्या आजारांना सहसा पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. बाजारातून वेगळी पॉलिसी घेतली, तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला 50,000 धरू. प्रतीक्षेच्या काळात वडील रुग्णालयात गेले तर काय, याचा आकडा मांडता येत नाही, म्हणून तो हिशेबाबाहेरच ठेवलेला बरा. शिवाय डिसेंबरच्या शेवटी परदेशी क्लायंट कंत्राटी माणसांना आठ-दहा दिवस सक्तीनं घरी बसवतात. काम नाही, पगार नाही. आठ दिवसांचे सुमारे 36,000 गेले. दोन लाख पाच हजारांतून हे दोन्ही काढले की उरतात एक लाख एकोणीस हजार. 81,300 नं भागलं तर येतो साधारण दीड महिना.

अख्ख्या जास्तीच्या पगाराची किंमत ही एवढी आहे. कंत्राट संपल्यावर ती दीड महिन्याच्या आत नव्या नोकरीत रुजू झाली तर व्यवहार फायद्याचा, त्याहून जास्त बसली तर तोट्याचा. मुलाखतींच्या फेऱ्या, कागदपत्रांची पडताळणी आणि रुजू होण्याची तारीख यांतच दोन-तीन महिने कसे निघून जातात, हे नोकरी बदललेल्या कुणालाही विचारावं.

मग कंत्राट पुढे वाढण्याची शक्यता किती? इथे उमेदवारांचा एक ठाम समज असतो की काम चांगलं केलं की मुदत वाढते. तिचं काम हा त्यातला एक भाग, आणि फार मोठा नाही. व्हेंडरला बँकेकडून पर्चेस ऑर्डर मिळते. तिला सगळे पीओ म्हणतात. तिच्यावर रक्कम असते आणि शेवटची तारीख असते. मुदतवाढ म्हणजे या पीओची मुदतवाढ. ती वाढवायची तर प्रकल्पाच्या खर्चातून पुढच्या तिमाहीचे पैसे मंजूर व्हावे लागतात. कायम करून घेणं हा वेगळाच प्रकार, कारण त्यासाठी पैसा दुसऱ्या खात्यातून येतो. तिथे मंजुरी लागते ती 'हेडकाऊंट'ची, म्हणजे कायम जागेची. टीमचा मॅनेजर मनापासून "तुला घेतोच" म्हणाला, तरी ती जागा निर्माण करण्याचा अधिकार त्याच्याकडे क्वचितच असतो. त्याचं वाक्य खोटं नसतं, फक्त त्याच्या हातातलं नसतं.

व्हेंडरचंही एक गणित असतं. तिच्यामागे तो बँकेकडून दरमहा आपला वाटा घेतो, म्हणून बँकेनं तिला लवकर आपल्याकडे ओढू नये, असं त्याला वाटणारच. करारात बहुधा अट असते की अमुक महिन्यांच्या आत माणूस घेतला तर बँकेनं व्हेंडरला फी द्यायची, आणि त्यानंतर घेतला तर फुकट. ही मुदत बारा महिन्यांची असेल आणि तिचं कंत्राट अकरा महिन्यांचं, तर पहिल्या फेरीत कायम होणं जवळपास बाद. फोनवर विचारायचा प्रश्न हाच: फी न देता क्लायंट मला कधी घेऊ शकतो? त्याच्या जोडीला आणखी एक. याच टीममध्ये गेल्या वर्षी सी टू एचवर किती जण आले, त्यातले किती कायम झाले, आणि त्यांच्यापैकी एकाशी बोलता येईल का? एजन्सीवाला गडबडला, तर उत्तर मिळालं.

मुदत संपत आल्याच्या खुणा संगणकावर आधी दिसतात. कंत्राटी माणसाच्या लॉगिनला संपण्याची तारीख घातलेली असते. पीओ वाढली की ती तारीख पुढे सरकते. महिना उरलेला असताना ती जुनीच दिसत असेल, आणि मॅनेजर "तुझ्या कामाची जरा नोंद करून ठेव" म्हणू लागला असेल, तर बायोडेटा बाहेर काढायला हरकत नाही. नोटीसची अटही एकतर्फी निघते. तिला सोडायचं असेल तर 60 दिवस, क्लायंटला तिला सोडायचं असेल तर 15. मुदत संपून नोकरी गेली, तर कायदा तिला छाटणी मानत नाही, म्हणून छाटणीची भरपाईही नाही. 1984 पासून आपल्याकडे हीच तरतूद आहे आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम राहिली.

कंत्राट वर्षानुवर्षं वाढतच गेलं तर काय होतं, याचा गाजलेला खटला अमेरिकेतला आहे. मायक्रोसॉफ्टनं 1980 च्या दशकात शेकडो लोकांना स्वतंत्र व्यावसायिक म्हणून ठेवलं होतं. काम, बॉस आणि इमारत कायम कर्मचाऱ्यांचीच, फक्त गळ्यातल्या ओळखपत्राचा रंग वेगळा. अमेरिकी कर खात्यानं हे लोक कर्मचारीच असल्याचं ठरवलं, तेव्हा त्यांनी सवलतीच्या शेअरसारख्या लाभांसाठी दावा लावला. 2000 साली कंपनीनं 9 कोटी 70 लाख डॉलरवर तडजोड केली. त्याच सुमारास तिनं नियम केला की तात्पुरत्या माणसाला सलग एक वर्षच ठेवायचं आणि मग 100 दिवस बाहेर. म्हणजे खटला कर्मचाऱ्यांच्या बाजूनं सुटला आणि मागून येणाऱ्यांची मुदत मात्र आखडली. मोठ्या कंपन्यांत कंत्राटी माणसाला सक्तीचा खंड का देतात, याचं बरंचसं उत्तर या प्रकरणात आहे.

बाळंतपणाच्या बाबतीत मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयानं मुदतीचा अडसर काढला आहे. दिल्लीतल्या एका रुग्णालयात कंत्राटावर असलेल्या डॉक्टरच्या दाव्यात 2023 साली न्यायालयानं सांगितलं की अटींत बसणाऱ्या स्त्रीला 26 आठवड्यांचा प्रसूतिलाभ मिळेल, मधेच कंत्राट संपलं तरी. अट म्हणजे प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम. लाभ म्हणजे पगार. नोकरी पुढे चालू राहण्याची हमी त्यात नाही.

आपल्या टेस्टरनं समजा दुसरी ऑफर घेतलीच, पण सही करण्याआधी दोन बदल मागितले: मुदत 11 ऐवजी 12 महिने, आणि नोटीस दोन्ही बाजूंना 30 दिवस. व्हेंडर पहिलं कधी कधी मान्य करतात, दुसरं क्वचित. वर्षानं पीओ दोन महिने वाढली आणि मग बँकेनं तिला घेतलं. नवं पत्र आलं, पगार बँकेच्या श्रेणीप्रमाणे 11 लाख, म्हणजे कंत्राटापेक्षा एक लाख कमी. विम्यात आई-वडील आले. रुजू होण्याची तारीख नवी होती, पाच वर्षांची मोजणी त्या दिवसापासून. व्हेंडरकडच्या 14 महिन्यांची ग्रॅच्युइटी तिनं वेगळा अर्ज करून मागितली आणि पीएफ मात्र न काढता जुन्या यूएएनवरच नव्या खात्यात वळवला.