दोन मिनिटांचा प्रवेश, दोनदा

वर्गात चार-चार मुलांचे गट पाडा आणि ‘प्रदूषण’ या विषयावर छोटा प्रवेश करायला सांगा. काय होणार ते आधीच सांगता येतं. एक जण कचरा टाकेल, दुसरी त्याला अडवेल, तिसरा आजारी पडेल आणि शेवटी चौघंही प्रेक्षकांकडे तोंड करून, एका रांगेत उभी राहून झाडं लावायचा संदेश देतील. मुलं हुशार असतात. शिक्षकांना काय ऐकायचं आहे, हे त्यांना विषय कानावर पडताच कळतं, मग शोधायला काही उरत नाही. उत्स्फूर्त नाट्याचा तास फसतो तो बहुतेक वेळा इथेच, फळ्यावर लिहिलेल्या पहिल्या ओळीत.

म्हणून या तासाच्या तयारीतलं सगळ्यात मोठं काम म्हणजे मुलांना द्यायचा प्रसंग निवडणं. शिकागोच्या व्हायोला स्पोलिन यांनी स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करताना नाट्यखेळांची एक पद्धत घडवली आणि १९६३ साली ती पुस्तकरूपाने मांडली. त्यांचा आग्रह साधा होता. माणसं कोण आहेत, कुठे आहेत आणि काय करताहेत, एवढं आधी ठरवायचं. ते कसं घडणार, हे मात्र कुणीही ठरवायचं नाही, ते प्रवेश करता करताच सापडायला हवं. ‘प्रदूषण’ या शब्दात माणसं नाहीत, जागा नाही, करायला काही काम नाही. आहे तो फक्त निष्कर्ष.

आता आठवीच्या वर्गासाठी हा प्रसंग बघा: तालुक्याचं एसटी स्टँड, संध्याकाळची वेळ. गावाकडे जाणारी शेवटची गाडी पाच मिनिटांत सुटणार आहे. ताईला त्या गाडीने जायचंच आहे. धाकट्या भावाला काहीही करून गाडी चुकवायची आहे, पण का, ते तो सांगत नाही. तिसरी व्यक्ती कंडक्टर. चौथी कोण, ते गटाने ठरवायचं.

यात जागा आहे, नातं आहे, दोन उलट्या इच्छा आहेत आणि घड्याळ चालू आहे. शेवट दिलेला नाही. शिवाय भावाचं कारण त्याचं काम करणाऱ्या मुलाने मनाशी ठरवायचं, गटातल्या इतरांनाही सांगायचं नाही. या एका अटीने बरंच साधतं. ताई झालेल्या मुलीला समोरच्याचं खरोखर ऐकावं लागतं, त्याच्या हालचालींकडे लक्ष द्यावं लागतं. पाठ केलेलं वाक्य तिच्या उपयोगाचं राहत नाही.

प्रसंग ठरला की वेळेचं गणित. वर्गात चाळीस मुलं असली तर चौघांचे दहा गट होतात. एका प्रवेशाला दोन मिनिटं, अभिप्रायाला चार आणि गट बदलायला एक, असे सात मिनिटं धरली तरी दहा गटांना सत्तर मिनिटं लागतात. म्हणजे पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका जोडून मिळाल्या, तरी त्या नुसत्या सादरीकरणातच संपतात. सातव्या-आठव्या गटापर्यंत बघणारी मुलं कंटाळतात आणि अभिप्राय ‘छान झालं’ एवढ्यावर येतो. यावर उपाय म्हणजे गटांच्या जोड्या लावायच्या. दहा गटांच्या पाच जोड्या, प्रत्येक जोडीला वर्गाचा एक भाग. एक गट करतो, दुसरा बघतो आणि बोलतो, मग अदलाबदल. हे सगळं बारा मिनिटांत होतं, कारण पाचही जोड्या एकाच वेळी काम करत असतात. गोंगाट होणारच, शेजारच्या वर्गाला आधी कल्पना देऊन ठेवावी.

उरलेला वेळ असा जातो. बाक भिंतीला लावायला पाच मिनिटं, अंग आणि कान मोकळे करणाऱ्या खेळाला आठ, प्रसंग समजून घ्यायला चार, अभिप्राय कसा द्यायचा ते करून दाखवायला सहा आणि प्रवेश उभा करायला दहा. जोड्यांच्या बारा मिनिटांनंतर दुरुस्तीला सात, तोच प्रवेश पुन्हा करायला पाच आणि शेवटी तीन गटांनी सगळ्या वर्गासमोर करायला बारा. उरलेल्या मिनिटात बाक जागेवर जाणार नाहीत, त्यासाठी मधल्या सुट्टीआधीचा तास मागून घ्यावा.

प्रवेश उभा करायच्या दहा मिनिटांकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. मोकळं सोडलं तर मुलं गोल करून बसतात, कंडक्टर कोण होणार यावर भांडतात, मग एक जण वही काढून संवाद लिहू लागतो. आठव्या मिनिटाला कुणीच उभं राहिलेलं नसतं. म्हणून पहिली दोन मिनिटं बोलायची. त्यात कोण, कुठे, काय एवढंच ठरवायचं. टाळी वाजली की सगळ्यांनी उभं राहायचं आणि प्रवेश सुरू करायचा, तयारी झाली असो वा नसो. अडलं की थांबायचं नाही, पुढच्याने काहीतरी करायचं.

लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये काम केलेल्या आणि पुढे कॅनडात शिकवणाऱ्या कीथ जॉन्स्टन यांनी १९७९च्या आपल्या पुस्तकात यातली मुख्य अडचण फार नेमकी पकडली आहे. एका नटाने काही सुचवलं की दुसरा ते नाकारतो आणि प्रवेश तिथेच मरतो. आपल्या स्टँडवर हे असं दिसतं. भाऊ म्हणतो, “ताई, माझी चप्पल तुटली.” ताई म्हणते, “कुठे तुटलीय? नवीनच आहे.” झालं, चप्पल संपली. त्याऐवजी ती म्हणाली, “काढ दुसरीही. अनवाणी चढ,” तर तिने चप्पल तुटलेली मान्य केली आणि तरीही आपली इच्छा सोडली नाही. भांडण पुढे सरकलं. भूमिकेतल्या ताईने भावाला नकार द्यायलाच हवा, पण त्याने निर्माण केलेली वस्तुस्थिती पुसायची नाही. हा फरक मुलांना व्याख्येने कळत नाही, चपलेने कळतो.

या वेळात शिक्षकांनी गटागटांतून फिरावं आणि प्रवेश न थांबवता बाजूने छोट्या सूचना द्याव्यात. “गाडी कुठे उभी आहे?” “पिशवीचं वजन दिसू दे.” “तीन मिनिटं राहिली.” करून दाखवू नये आणि संवाद सुचवू नयेत. शिक्षकांनी एक वाक्य दिलं, की पाचही जोड्यांत तेच ऐकू येतं.

आता अभिप्राय. तासाचा हा भाग सगळ्यात कमी तयारीने होतो. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की ‘छान’, ‘आवाज आला नाही’, ‘हसायला नको होतं’ अशी तीन उत्तरं मिळतात आणि तिन्हींचा करणाऱ्यांना उपयोग नसतो. याचं कारण प्रवेश सुरू होण्याआधीच शोधायला हवं. काय बघायचं, हे बघणाऱ्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून बघणाऱ्या चौघांना आधीच एकेक काम वाटून द्यावं. एकाने फक्त जागा बघायची, गाडी आणि फलाट प्रत्येकासाठी त्याच ठिकाणी राहिले का. दुसरीने फक्त ताईची इच्छा बघायची, ती कधी विसरली गेली का. तिसऱ्याने हात आणि वस्तू. चौथीने चौथ्या व्यक्तीमुळे काय बदललं ते.

बोलण्याचा क्रमही ठरलेला असावा. अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी कलाकारांसाठी चार पायऱ्यांची अभिप्रायपद्धत तयार केली. आधी बघणाऱ्यांनी आपल्याला काय भिडलं ते सांगायचं, मग कलाकाराने प्रश्न विचारायचे, मग बघणाऱ्यांनी मत न लादणारे प्रश्न विचारायचे आणि शेवटी, कलाकाराची परवानगी घेऊन, मत द्यायचं. आठवीच्या मुलांना चार मिनिटांत एवढं पेलत नाही. तीन वाक्यांची सुरुवात फळ्यावर लिहून ठेवली तर पुरते: ‘मला दिसलं की…’, ‘मला कळलं नाही की…’, ‘पुन्हा करताना एकच बदलायचं तर…’. आणखी एक नियम ठेवावा. मुलाचं नाव घ्यायचं नाही, भूमिकेचं घ्यायचं. ‘तू नीट केलं नाहीस’ याऐवजी ‘भाऊ मध्येच गाडीकडे बघायचा थांबला’ असं म्हटलं, की बोलणं प्रवेशाबद्दल राहतं.

एक गट घेऊन बघू. पहिल्या खेपेला भाऊ रडतो, ताई ओरडते, कंडक्टर विनोद करतो, चौथा मुलगा चहावाला होऊन ‘चाय, चाय’ करत फिरतो. मग शेवट सुचत नाही म्हणून भावाला चक्कर येते आणि तो पडतो. चक्कर, अपघात, किंवा ‘अरे, हे तर स्वप्न होतं’ यांपैकी काहीतरी दर तासाला कुठल्या ना कुठल्या गटात येतंच. ते दिसलं, की गटाला आपल्या माणसांच्या इच्छांचा विसर पडला आहे, असं समजावं. बघणारे सांगतात: “मला दिसलं की भावाने पिशवीची चेन तीनदा उघडून बंद केली.” “मला कळलं नाही की चहावाला कुणाच्या बाजूने आहे.” “पुन्हा करताना एकच बदलायचं तर चक्कर नको.”

गटाने यातलं एकच घ्यायचं, हे बंधन पाळावं. हा गट चक्कर काढतो. मग शेवटासाठी काहीतरी लागतंच, आणि त्यांना चेन आठवते. दुसऱ्या खेपेला भाऊ रडत नाही, नुसता पिशवी छातीशी धरून बसतो. कंडक्टर डबल बेल देतो. ताई पिशवी ओढते, चेन उघडते, ती आत बघते आणि ओरडणं थांबवते. आत काय आहे, हे प्रेक्षकांना कळतही नाही. गाडी सुटते. चहावाल्याला आता एकही वाक्य नाही, तो फक्त दोघांसाठी बाकावर जागा करून देतो. प्रवेश तेवढ्याच वेळाचा आहे, पण आता शेवट बाहेरून आणावा लागलेला नाही.

दुसऱ्या खेपेला वेळ ठेवला नसेल तर अभिप्राय घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुरुस्त करायची संधी न देता ऐकवलेले दोष मुलं घरी घेऊन जातात आणि पुढच्या वेळी मागच्या बाकावर जाऊन बसतात. वेळ कमी पडू लागला तर सगळ्या वर्गासमोरचं सादरीकरण कापावं, दुसरी खेप कापू नये.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. भावाचं गुपित म्हणून एखादं मूल स्वतःच्या घरातलं खरं दुखणं बोलून बसू शकतं. त्यासाठी भूमिकांना वर्गातल्या कुणाचंही नसलेलं नाव द्यावं, आणि तसं काही जाणवलंच तर वर्गासमोर चर्चा न करता नंतर एकट्याने बोलावं. आणि जे मूल उभं राहायला तयार नसेल, त्याला घड्याळ सांभाळायचं आणि बघायचं काम द्यावं. पुढच्या तासाला ते बहुधा स्वतःहून चौथी व्यक्ती व्हायला येतं. नाही आलं तरी ओढून आणू नये.

गुण द्यायचेच असतील तर अभिनयाला देऊ नयेत. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेत गटाने काय बदललं आणि बघणाऱ्यांनी किती नेमकं सांगितलं, एवढ्या दोनच गोष्टी वहीत टिपाव्यात. पुढच्या आठवड्याच्या तासासाठी शिक्षकांना याच दोन नोंदी लागतात.