अंगालगतचा उबदार कपडा

पौष महिना. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची. ढोकीच्या शिवारात ज्वारीला पाणी द्यायचे, तर मध्यरात्री दारे धरायला जावेच लागते. अशा वेळी सदऱ्याखाली थर्मलचे बनियन घातले तर थंडी निभते. पण ते मापाचे हवे.

आमच्या शेजाऱ्याची छाती 88 सेंटिमीटर. "मोठं असलं म्हंजे सुटसुटीत," असे म्हणून त्याने 100 नंबरचे बनियन आणले. खोरे उचलले की काखेत कापडाचा बोळा होई. वाकला की पाठ उघडी पडे. दोन रात्रींत काख घासून लाल झाली.

असे का झाले? कापड स्वतः ऊब निर्माण करीत नाही. अंग आणि कापड यांच्यामध्ये थोडी हवा अडकते. ती अंगाच्या उष्णतेने तापते. ढगळ कपड्यात ही हवा हालचालीसरशी बाहेर जाते. कपडा फार तंग असला तर अडकायला हवाच उरत नाही, विणही ताणून विरळ होते आणि हात अवघडतो.

मग माप कसे घ्यावे? काखेखालून छातीभोवती टेप फिरवावी. श्वास रोखू नये, टेप आवळू नये. पाकिटावर 85, 90, 95 असे आकडे असतात. तो बहुधा छातीचा घेर, सेंटिमीटरमध्ये. 88 छातीला 90 चे बनियन पाहावे.

बनियन अंगात घालून तीन गोष्टी कराव्यात. दोन्ही हात वर करावेत. कमरेचा काठ पायजम्यातून निघाला तर बनियन आखूड आहे. मग खोरे मारल्यासारखे वाकावे. पाठ ओढली तर तंग आहे. शेवटी बरगडीजवळ कापड चिमटीत धरावे. थोडी घडी आली तर ठीक. मूठभर आले तर ढगळ समजावे. खालची विजार असेल तर उकिडवे बसून पाहावे. गुडघा आवळता कामा नये.

माप बरोबर असूनही कधी बाही कोपरापाशी गोळा होते. वरचा सदरा घालताना ती त्याच्याबरोबर सरकते. म्हणून आतल्या बाहीचा काठ बोटांनी मुठीत धरून मग सदऱ्याची बाही चढवावी.

सुती बनियन घामाने भिजले की लवकर वाळत नाही आणि मग गारठा लागतो. पॉलिएस्टरचे लवकर वाळते. पण शेकोटीची ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटते. ते घालून जाळाला खेटून बसू नये. सुती बनियन पहिल्या धुण्यात थोडे आटते. म्हणून ते गरम पाण्यात धुऊ नये.

शेजाऱ्याने पुढे 90 नंबरचे बनियन घेतले. 100 नंबरचे त्याने थोरल्या भावाला दिले. त्याला ते अंगाबरोबर बसले.