फॉर्म भरताना माणूस नेमका कशामुळे थांबला?

एका रकान्यावर वापरकर्ता पाऊण मिनिट अडकला, म्हणून ‘डिझाइन चुकलंय’ असं तुम्ही लिहिलंत, तर गाईड लगेच विचारतील: तो गोंधळला होता, की पासबुक आणायला उठला होता? एकूण वेळेवरून हे कळत नाही. त्या वेळेचे तुकडे पाडावे लागतात.

समजा, शिष्यवृत्तीच्या ॲपमध्ये आयएफएससी कोडचा रकाना आहे. हा कोड 11 अक्षरांचा: आधी चार इंग्रजी अक्षरं, पाचव्या जागी शून्य, मग शाखेची सहा अक्षरं किंवा अंक. एका व्यक्तीची नोंद अशी आली (वेळ सेकंदांत):

```
 0.0  focus
 3.1  input
14.6  blur
14.7  error
16.0  focus
47.2  input
52.0  blur
```

आता एकेक अंतर बघा. रकान्यात शिरल्यावर पहिली कळ 3.1 सेकंदांत दाबली, म्हणजे लेबल वाचून काय भरायचं ते कळलं असावं. चूक दाखवल्यावर ती व्यक्ती 1.3 सेकंदांत त्याच रकान्यात परतली. संदेश स्क्रीनच्या वर कुठेतरी असता, तर ती आधी वर-खाली शोधत बसली असती. म्हणून मांडणीवरचा संशयही कमी होतो. पण परतल्यानंतर 31.2 सेकंद एकही कळ नाही! संदेश होता ‘अवैध कोड’. तिने पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाकला होता आणि दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. चूक आहे एवढं संदेश सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही.

तरी हा अजून अंदाजच आहे. कदाचित ती त्या वेळात पासबुक शोधत असेल. म्हणून चाचणीत प्रत्येकाच्या हातात आधीच नमुना पासबुक द्या. त्याने खरा खातेक्रमांक नोंदवण्याचा प्रश्नही मिटतो. मग दुसरी आवृत्ती करा: लेबल, मांडणी तीच, फक्त संदेश बदला, ‘पाचवं अक्षर शून्य हवं, ओ नाही’. ज्यांनी ही चूक केली, त्यांच्यातलं तेच अंतर दोन्ही आवृत्त्यांत ताडून बघा. ही चूक सगळेच करणार नाहीत, त्यामुळे पासबुकाप्रमाणे छापील कोडही मुद्दाम असा निवडा की शून्य आणि ओ पटकन ओळखू येणार नाहीत.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, दोन्ही आवृत्त्या एकाच माणसाला देणं. पहिल्या वेळी शून्याचं गुपित कळलं की दुसऱ्या वेळी तो चुकतच नाही, आणि श्रेय नव्या संदेशाला जातं. त्यामुळे दोन वेगळे गट घ्या आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. दुसरी, वेळ मोजतानाच ‘मनात काय चाललंय ते बोला’ म्हणणं. बोलण्यामुळे वेळ बदलतो. तेव्हा आधी शांतपणे भरू द्या, मग स्क्रीनचं रेकॉर्डिंग दाखवून त्या 31 सेकंदांवर थांबा आणि विचारा, ‘इथे काय बघत होतात?’

उत्तर आणि नोंद जुळली, तरच कारण लिहा.