आडव्या ओळी अभ्यासक्रमाच्या, उभे रकाने चुकांचे

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्व परीक्षेत एका तासात 100 प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे प्रश्नामागे 36 सेकंद. बरोबर उत्तराला 1 गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो. मी ज्या अभ्यासिकेत मुलांच्या सराव चाचण्या तपासायला बसतो, तिथे या परीक्षेची तयारी करणाऱ्या बहुतेकांकडे अभ्यासक्रमाची छापील प्रत असते आणि वाचून झालेल्या घटकांसमोर टिकमार्क केलेले असतात. काय वाचलं ते या खुणा सांगतात. गुण कुठे जातात ते मात्र त्यांतून कळत नाही. ते कळण्यासाठी त्याच अभ्यासक्रमाशेजारी स्वतःच्या चुका मांडाव्या लागतात. अशी एक फाईल तयार होताना मी जवळून पाहिली. तिची रीत इथे सांगतो.

फाईल साधी, पंच करून पानं लावायची. पहिल्या भागात अभ्यासक्रम येतो. आयोगाने तो सातच मुद्द्यांत दिला आहे: चालू घडामोडी, नागरिकशास्त्र, आधुनिक भारताचा व विशेषतः महाराष्ट्राचा इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था, सामान्य विज्ञान, बुद्धिमापन व अंकगणित. सात ओळी फारच ढोबळ होतात. ‘नागरिकशास्त्रात सहा चुका’ एवढ्यावरून काय वाचायचं ते ठरत नाही. उलट प्रत्येक कलमाची वेगळी ओळ केली, तर तक्ता इतका लांबतो की प्रत्येक चौकटीत एखादीच खूण पडते आणि आकृतिबंध दिसत नाही. म्हणून आयोगाच्याच शब्दांवर तुकडे पाडायचे. नागरिकशास्त्राचे तीन तुकडे आयोगानेच केले आहेत: घटनेचा प्राथमिक अभ्यास, राज्य प्रशासन आणि ग्राम प्रशासन. त्यांना ना-1, ना-2, ना-3 असे क्रमांक द्यायचे. भूगोलाचे, इतिहासाचेही असेच. साऱ्या अभ्यासक्रमाच्या तीसेक ओळी होतात आणि त्या एका मोठ्या कागदावर मावतात.

दुसऱ्या भागात उत्तरतालिकेसह सोडवलेल्या प्रश्नपत्रिका ठेवायच्या. आयोगाची जुनी प्रश्नपत्रिका असेल तर अंतिम उत्तरतालिकाच लावायची. आयोग पहिली तालिका जाहीर करतो, तिच्यावर हरकती मागवतो, आणि अंतिम तालिकेत काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. पहिल्या तालिकेवरून चुका नोंदवल्या, तर जी आपली नाही अशी चूकही आपल्या खात्यावर चढते.

तिसरा भाग म्हणजे चुकांचा तक्ता. त्याची तयारी पेपर सोडवतानाच सुरू होते. प्रत्येक उत्तराशेजारी प्रश्नपुस्तिकेत एक बारीक खूण करायची: खात्रीचं असेल तर ‘ख’, दोन पर्यायांत अडकून दिलेलं असेल तर ‘दो’, नुसता तुक्का असेल तर ‘तु’. एक अक्षर लिहायला वेळ लागत नाही. ही खूण नंतर आठवून करता येत नाही. उत्तर बरोबर आलेलं दिसलं की ते आपल्याला येतच होतं असं वाटू लागतं. चूक दिसली की ‘घाईत झालं’ म्हणून आपण मोकळे होतो.

बीड जिल्ह्यातून आलेल्या एका मुलीच्या फाईलमधली एक चाचणी पाहू. तिने 72 प्रश्न सोडवले, 46 बरोबर आले, 26 चुकले. 26 चुकांचे साडेसहा गुण गेले, हाती साडेएकोणचाळीस राहिले. एवढ्यावर तिचा निष्कर्ष तयार होता. ‘सर, नागरिकशास्त्रातच सहा गेले. पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचते.’ मी म्हटलं, ‘वाच, पण आधी सव्वीसही प्रश्न तक्त्यात बसव.’

तक्त्यात उभे रकाने चारच ठेवले होते. ‘कोरं’, म्हणजे तो भाग वाचलेलाच नव्हता. ‘गल्लत’, म्हणजे वाचलं होतं, पण जवळजवळच्या दोन गोष्टींपैकी भलतीच उचलली. ‘वाचन’, म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही. ‘रीत’, म्हणजे गणिताची पद्धत किंवा आकडेमोड चुकली. ‘सिली मिस्टेक’ असा रकाना मुद्दाम ठेवला नव्हता. त्याखाली काहीही जातं आणि त्यावर उपाय काही सापडत नाही.

एकेक प्रश्न बसवायला तासाच्या पेपरहून जास्त वेळ लागला आणि तो लागायलाच हवा. शेवटी बेरीज अशी निघाली: कोरं 8, गल्लत 10, वाचन 5, रीत 3. मग तिने ‘गल्लत’चा रकाना वरून खाली वाचला. नागरिकशास्त्रात चार, भूगोलात तीन, इतिहासात दोन, अर्थव्यवस्थेत एक. ग्राम प्रशासनात बलवंतराय मेहता आणि अशोक मेहता या समित्यांची अदलाबदल झाली होती. ग्रामपंचायतीचा 1958 चा कायदा आणि जिल्हा परिषद व पंचायत समितीचा 1961 चा कायदा यांत सरमिसळ होती. भूगोलात कुंभार्ली आणि आंबा घाटांचे रस्ते उलटे लागले होते. इतिहासात 1867 चा प्रार्थना समाज आणि 1873 चा सत्यशोधक समाज यांची सालं एकमेकांना चिकटली होती. अर्थव्यवस्थेत रेपो आणि रिव्हर्स रेपो यांची अदलाबदल झाली होती.

ओळ आडवी वाचली असती, तर नागरिकशास्त्र कच्चं आहे एवढंच दिसलं असतं. पण त्या विषयाच्या सहा चुकांपैकी न वाचलेल्या भागातली एकच होती. ती पुस्तक दोनदा वाचून बसली होती आणि तिसऱ्या वाचनाने मेहता समित्या वेगळ्या झाल्या नसत्या. पुस्तकात त्या वेगवेगळ्या पानांवर येतात, वाचताना दोन्ही समजतात, आणि परीक्षेत मात्र चार पर्यायांत शेजारी येऊन उभ्या राहतात. रकाना उभा वाचला तेव्हा हा दोष एका विषयाचा नाही, पाठ करण्याच्या पद्धतीचा आहे, हे दिसलं. एखादी ओळ भरली असेल तर त्या घटकाचं वाचन कमी पडतंय. एखादा रकाना भरला असेल तर सवय बदलावी लागते.

गल्लतीवर तिने केलेला उपाय म्हणजे जोडपत्रक. अर्ध्या पानावर दोन किंवा तीन रकाने आखायचे आणि त्यांत साम्य न लिहिता फक्त फरक लिहायचे. बलवंतराय मेहता: 1957, त्रिस्तरीय रचना, भर पंचायत समितीवर. वसंतराव नाईक: 1960, महाराष्ट्राची समिती, रचना त्रिस्तरीयच, पण भर जिल्हा परिषदेवर. तिच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. अशोक मेहता: 1977, द्विस्तरीय रचना, जिल्हा परिषद आणि मंडल पंचायत. घाटांचंही तसंच: कुंभार्ली म्हणजे कराड–चिपळूण, आंबा म्हणजे कोल्हापूर–रत्नागिरी, वरंध म्हणजे भोर–महाड. पत्रकावर ना-3 किंवा भूगोलाचा क्रमांक टाकून ते फाईलच्या चौथ्या भागात लावायचं. जिथे चूक झालेली नाही अशा जोड्यांची पत्रकं करत बसायचं नाही. तसं केलं की फाईलचं पुन्हा पुस्तक होतं.

आता ‘ख’, ‘दो’, ‘तु’ या खुणांकडे वळू. तिची खात्रीची उत्तरं 40 होती. त्यांतली 34 बरोबर आली, 6 चुकली. ‘दो’ची 24, त्यांत 10 बरोबर, 14 चूक. तुक्क्याची 8, त्यांत 2 बरोबर. पाव गुण कापला जातो तेव्हा पाचातलं एक उत्तर बरोबर आलं की नफाही नाही आणि तोटाही नाही, कारण एक गुण मिळतो आणि चार चुकांचा एक गुण जातो. तिच्या ‘दो’च्या उत्तरांनी साडेसहा गुण मिळवून दिले होते, म्हणून ती सोडून देण्यात अर्थ नव्हता. तरी दोनच पर्याय उरलेले असताना निम्म्याहून कमी उत्तरं बरोबर यावीत, यातून गल्लतीचाच दुसरा पुरावा मिळतो. अर्धवट आठवण तिला चुकीच्या बाजूला ओढत होती. बरोबर आलेली ‘दो’ आणि ‘तु’ची उत्तरंही तक्त्यात पेन्सिलने मांडायची. गुण मिळाले तरी तो घटक पक्का झालेला नसतो.

सगळ्यात मोलाच्या त्या सहा चुका, ज्या खात्रीने दिलेल्या होत्या. त्यांतल्या चार ‘वाचन’मध्ये गेल्या. प्रश्न होता अयोग्य विधान ओळखण्याचा आणि तिने पहिलं योग्य विधान दिसताच गोल रंगवला होता. इथे जोडपत्रकाचा उपयोग नाही. पर्याय वाचण्याआधी ‘अयोग्य’, ‘चुकीचे’, ‘नाही’ या शब्दाभोवती पेनने गोल करायचा, एवढाच उपाय. तो प्रत्येक सराव पेपरात केला तरच परीक्षेत हातून आपोआप घडतो. ‘रीत’च्या चुकांना मात्र दुसरं औषध लागतं. जाताना ताशी 40 आणि येताना ताशी 60 किलोमीटर वेग असेल, तर सरासरी 50 नसून 48 येते. अशा प्रकाराची पाच-सहा गणितं सलग सोडवायची आणि पहिल्याच्या शेजारी आपण चुकीची कोणती वाट धरली होती ते एका ओळीत लिहायचं.

या कामाला मर्यादा आहेत. एका चाचणीच्या तक्त्यावर अभ्यासाची दिशा बदलू नये. त्या पेपरात पंचायतराजवरचे प्रश्न योगायोगाने जास्त आले असतील. तीन-चार वेगवेगळ्या पेपरांत एकच रकाना फुगलेला दिसला की मग तो आपला दोष मानावा. चालू घडामोडींना हा तक्ता फारसा लागू पडत नाही, कारण तीच घटना पुन्हा विचारली जाण्याची खात्री नसते. तिथे मुख्यतः ‘कोरं’ किती हेच पाहायचं. बाजारातल्या सराव चाचण्यांच्या तालिकाही तपासून घ्याव्या लागतात. शालेय पाठ्यपुस्तकाशी किंवा मूळ कायद्याशी उत्तर जुळत नसेल तर तो प्रश्न तक्त्यातून काढून टाकायचा.

चूक सुधारली हे ओळखण्यासाठी तोच प्रश्न पुन्हा सोडवून चालत नाही. त्याचं उत्तर ‘तिसरा पर्याय’ म्हणून लक्षात राहिलेलं असतं. त्याच जोडीवर निराळ्या शब्दांत विचारलेला प्रश्न शोधायचा. असे प्रश्न वेगवेगळ्या तीन पेपरांत ‘ख’ खुणेसह बरोबर आले, तरच त्या चौकटीवर रेघ मारायची. एकदा जरी चूक परत आली, तर जोडपत्रक पुन्हा पुढे घ्यायचं.

परीक्षेआधीच्या शेवटच्या आठवड्यात सारी पुस्तकं परत चाळण्यापेक्षा रेघ न मारलेल्या चौकटींची पत्रकं वाचा. पुढची चाचणी सोडवाल तेव्हा पहिल्या प्रश्नापासून उत्तराशेजारी ‘ख’, ‘दो’ किंवा ‘तु’ लिहा, आणि गुण मोजण्याआधी चुकलेला प्रत्येक प्रश्न त्याच्या ओळीत आणि रकान्यात बसवा.