न आलेल्या अहवालाची दखल

रात्री संगणकातील नोंदींची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, आपोआप काढली जाते आणि तसा अहवाल ईमेलने संबंधितांकडे येतो, ही पद्धत अनेक कार्यालयांत रूढ आहे. काम बिघडल्यास तसे पत्र येईलच, असे आपण गृहीत धरतो. परंतु पत्र पाठविणारे यंत्रच बंद पडले, किंवा पत्र वाटेत अडले, तर काहीच येत नाही. आणि काही आले नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असा समज होतो.

३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या संगणक क्षेत्रातील कंपनीस याचा प्रत्यय आला. एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला. राखीव प्रत ठेवण्याची जागा पाहता ती रिकामी आढळली. माहितीसाठ्याची प्रणाली ९.६ आवृत्तीची होती, तर प्रत काढणारे साधन ९.२ आवृत्तीचे, त्यामुळे ते काम त्रुटी देऊन थांबत असे. त्रुटीची ईमेल पाठविण्याची सोय होती. पण प्रेषकाच्या खरेपणाची खात्री पटविणारी व्यवस्था त्या ईमेलसाठी केलेली नसल्याने त्या नाकारल्या गेल्या. सुमारे ६ तासांपूर्वी अन्य कारणासाठी काढलेली एक प्रत हाती होती, म्हणून हानी तेवढ्याच काळातील नोंदींपुरती राहिली.

यावरील उपाय म्हणजे सूचनेचा नियम उलटा करणे. काम बिघडल्याचे पत्र येण्याची वाट न पाहता, काम पूर्ण झाल्याचा अहवाल रोज आलाच पाहिजे, आणि तो ठराविक वेळेत न आल्यास इशारा द्यावा, असे ठरवावे. ही पाहणी दुसऱ्या संगणकाकडे सोपवावी. कारण बंद पडलेले यंत्र स्वतःच्या बंद पडण्याची वर्दी देऊ शकत नाही.

समजा, काम रात्री २ वाजता सुरू होते व एरवी ४० मिनिटांत संपते; महिनाअखेरीस मात्र ७० मिनिटे लागतात. मुदत ३ वाजेपर्यंतची ठेवल्यास दर महिनाअखेरीस खोटा इशारा होईल आणि लोक त्याकडे दुर्लक्ष करू लागतील. म्हणून ४ ची वेळ योग्य. त्या वेळी पाहणाऱ्या संगणकाने तीन गोष्टी तपासाव्यात: अहवाल २ नंतर निघाला आहे काय, त्यात काम यशस्वी झाल्याचे नमूद आहे काय, आणि प्रतीचा आकार कालच्या आकाराच्या जवळपास आहे काय. रिकाम्या प्रतीचाही ‘यशस्वी’ अहवाल येऊ शकतो. यांपैकी एकही गोष्ट जुळली नाही, तर जबाबदार व्यक्तीच्या दूरध्वनीवर संदेश जावा. हा इशारा ईमेलने पाठवू नये. अहवाल ज्या वाटेत अडला, त्याच वाटेत इशाराही अडेल.

पाहणारा संगणकही बंद पडू शकतो. यासाठी महिन्यातून एकदा अहवाल मुद्दाम रोखून धरावा आणि दूरध्वनीवर संदेश येतो की नाही, हे पाहावे. शिवाय अहवाल वेळेवर आला, एवढ्यावरून प्रत वापरण्याजोगी आहे असे सिद्ध होत नाही. ती वेगळ्या संगणकावर उघडून नोंदी वाचता येतात का, हे अधूनमधून तपासावेच लागते.