एसजीपीटी आणि बी-6 ची जोडी

लिव्हरच्या रिपोर्टात ‘एसजीपीटी’चा आकडा साधारण 40 च्या आत असला की आपण निश्चिंत होतो. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींमधले एन्झाइम. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते आणि आकडा चढतो. पण पेशीत असताना ते करते काय?

वरण, उसळ, अंडी यांतल्या प्रथिनांपासून अमिनो आम्ले मिळतात. गरजेपेक्षा जास्त झालेली अमिनो आम्ले शरीराला साठवता येत नाहीत. त्यांच्यातल्या कार्बनपासून ऊर्जा मिळते, पण त्याआधी नायट्रोजन असलेला अमिनो गट काढावा लागतो. तो तसाच सुटला, तर विषारी अमोनिया होतो. म्हणून तो आधी दुसऱ्या रेणूकडे सोपवला जातो. यालाच ट्रान्सअमिनेशन म्हणतात. ब्राउनस्टाइन आणि क्रिट्झमन यांनी 1937 मध्ये मॉस्कोत, कबुतराच्या स्नायूंवर प्रयोग करून ही क्रिया दाखवून दिली.

एसजीपीटीच्या बाबतीत देणारे आम्ल म्हणजे अ‍ॅलनिन. ते येऊन थेट पायरिडॉक्सल फॉस्फेटला जोडले जाते. ब-6 जीवनसत्त्वापासून बनलेला हा छोटा रेणू एन्झाइमच्या खोबणीत बसलेला असतो. अ‍ॅलनिनचा अमिनो गट तो स्वतःकडे घेतो आणि उरलेला सांगाडा पायरुव्हेट म्हणून बाहेर पडतो. मग त्याच खोबणीत अल्फा-कीटोग्लुटरेट येते, तो अमिनो गट उचलते आणि ग्लुटामेट बनते. पायरिडॉक्सल फॉस्फेट मूळ रूपात परत येते आणि पुढच्या अ‍ॅलनिनसाठी मोकळे होते. ग्लुटामेटमधला नायट्रोजन पुढे यकृतातच युरिया होऊन लघवीवाटे जातो.

ब-6 कमी पडले की एन्झाइम असूनही काम अडते. बराच काळ दारू पिणाऱ्यांमध्ये ही कमतरता आढळते. लॅबमध्ये एसजीपीटी मोजतात ते त्याच्या कामाच्या वेगावरून. त्यामुळे तपासणीच्या द्रावणात पायरिडॉक्सल फॉस्फेट घातलेले नसेल, तर अशा रुग्णाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो.

क्षयरोगावरचे आयसोनियाझिड हे औषधही पायरिडॉक्सलला चिकटून त्याला निकामी करते. मज्जातंतूंनाही ब-6 लागते, म्हणून काही रुग्णांच्या तळपायांना मुंग्या येतात, आग होते. हे टाळण्यासाठी डॉक्टर सोबत पायरिडॉक्सिनची गोळी देतात. आयसोनियाझिडमुळे यकृतालाही इजा होऊ शकते, म्हणून गरजेनुसार एसजीपीटी तपासतात.

टीबीचे उपचार चालू असताना पायांना मुंग्या आल्या, तर डॉक्टरांना लगेच सांगा. औषधे मनाने बंद करू नका आणि ब-6 च्या जास्तीच्या गोळ्याही मनाने घेऊ नका. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतलेले ब-6 स्वतःच मज्जातंतूंना इजा करते.