मैत्री कायम, नजर मर्यादित

फेसबुकवर साहेबांची फ्रेंड रिक्वेस्ट नाकारणे अवघड असते. ती स्वीकारून त्यांना ‘रिस्ट्रिक्टेड’ यादीत टाकले, तर मैत्री कायम राहते. मात्र त्यांना फक्त ‘पब्लिक’ पोस्ट आणि त्यांना स्वतःला टॅग केलेल्या पोस्ट दिसतात. ‘फ्रेंड्स’पुरता ठेवलेला गोव्याच्या सहलीचा फोटो त्यांच्यापर्यंत जात नाही, आणि यादीत टाकल्याची सूचनाही जात नाही.

‘अक्वेंटन्सेस’ यादी त्यामानाने सौम्य. तिच्यातल्यांना आपोआप काहीच बंद होत नाही. पोस्ट टाकताना प्रेक्षक म्हणून ‘फ्रेंड्स एक्सेप्ट अक्वेंटन्सेस’ निवडले, तरच ते वगळले जातात.

गुपित फुटते ते बहुधा सहकाऱ्याच्या मोबाइलवर: तिथे दिसणारी पोस्ट साहेबांना स्वतःच्या खात्यात सापडत नाही. शिवाय सहकाऱ्याने टाकलेल्या फोटोवर या यादीचा काहीच अंमल चालत नाही.